“ऑडिट झालंय की!” म्हणणाऱ्यांसाठी

परवा बार्शी नाक्यावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी भेटले. चहा सांगितला आणि मोबाईल पुढे केला. एका कंपनीचा तिमाही निकाल होता. नफा मागच्या वर्षीपेक्षा चांगलाच वाढलेला. गुरुजी म्हणाले, “आता पतसंस्थेचं नाव नको बाबा. हे बघ, शेअर बाजारातली कंपनी आहे, सरकारची नजर आहे, आणि खाली सीएची सही आहे. दर तीन महिन्यांला ऑडिट होतंय. आणखी काय पाहिजे?”

बीडमध्ये हे वाक्य का येतं, ते बीडबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, ईडी आली, लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. खटले चालू आहेत, दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण त्यानंतर आपल्याकडच्या माणसाने एक धडा घेतला: पैसे जिथे ‘ऑडिट’ होतं तिथे ठेवायचे. तिथून तो एसआयपीकडे गेला, शेअरकडे गेला. आणि तिथे त्याला यूट्यूबवरचे ‘सर’ भेटले, जे प्रत्येक तिमाही निकालाला बिनदिक्कत ‘ऑडिटेड रिझल्ट’ म्हणतात.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे. तिमाही निकालाचं साधारणपणे ऑडिट होत नाही, लिमिटेड रिव्ह्यू होतो. दोन्हीत फरक किती, हे मी स्वतः हातात पेन्सिल धरून पाहिलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी नियम काय ते सांगतो. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतला नियम ३३ म्हणतो की तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करा. कंपनीला मुभा आहे, ऑडिट केलेला निकाल द्या किंवा ऑडिट न केलेला द्या. ऑडिट न केलेला दिला तर सोबत ऑडिटरचा लिमिटेड रिव्ह्यू रिपोर्ट जोडा. बहुतेक कंपन्या दुसरा रस्ता धरतात, कारण तो स्वस्त आहे आणि लवकर उरकतो. वर्षअखेरीला मात्र ऑडिट लागतंच आणि त्याला ६० दिवस मिळतात. म्हणजे पहिल्या तीन तिमाहींचे आकडे ‘अनऑडिटेड’ असतात आणि तसं वर ठळक छापलेलंही असतं. लपवाछपवी काही नाही. फक्त वाचतं कोण!

आता रिव्ह्यूमध्ये काय करतात? सीए इन्स्टिट्यूटचं एक मानक आहे, एसआरई २४१०. त्याचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो: विचारणं आणि ताडून बघणं. कंपनीच्या फायनान्सवाल्यांना प्रश्न विचारायचे. हिशेबाची पद्धत बदलली का, मोठे व्यवहार कोणते झाले, नवीन कोर्ट केस आली का, तिमाही संपल्यानंतर काही मोठं घडलं का. मग आकडे मागच्या तिमाहीशी, मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी आणि बजेटशी ताडायचे. निकालातला आकडा कंपनीच्या वह्यांशी जुळतो का ते बघायचं. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचायची. शेवटी व्यवस्थापनाकडून “आम्ही सांगितलं ते खरं आहे” असं पत्र घ्यायचं आणि सही करायची.

आणि काय करत नाहीत? साधारणपणे गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजत नाहीत. बँकेला पत्र लिहून शिल्लक विचारत नाहीत. उधारीवाल्याला “तुम्ही खरंच एवढं देणं लागता का” असं विचारत नाहीत. बिलं उपसून नोंद तपासत नाहीत. ही सगळी कामं ऑडिटची. ऑडिटर ‘मला पुरावा द्या’ म्हणतो. रिव्ह्यू करणारा ‘मला समजावून सांगा’ म्हणतो, आणि सांगितलेलं पटण्यासारखं असलं की पुढे जातो. तो कामचुकार म्हणून तसं करत नाही. मानकाने त्याला तेवढंच काम दिलेलं असतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आर्टिकलशिप करत होतो तेव्हाची गोष्ट. कंपनीचं नाव घेणार नाही. कापसाचा धंदा, जिनिंग-प्रेसिंग. डिसेंबर तिमाहीचा रिव्ह्यू होता. मी आणि एक सीनियर, दोघांनी मिळून चार दिवस काम केलं. कंपनीचं ऑफिस शहरात, गोडाऊन तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर.

तक्ते ताडताना एक गोष्ट लगेच दिसली. रुईच्या गाठींचा साठा फुगला होता. विक्रीच्या हिशेबाने पूर्वी साधारण दोन महिने पुरेल एवढा माल असायचा, तो आता जवळजवळ चार महिन्यांचा झाला होता. वहीत ६,२०० गाठी. मी प्रश्न लिहून दिला. अकाउंटंट साहेबांनी हसत उत्तर दिलं, “भाव चढणार आहे, मालकांनी माल धरलाय.” आमच्या भागात हे उत्तर कोणाला खोटं वाटेल? कापूस धरून ठेवणं म्हणजे आपल्याकडे शहाणपणच. बाजारात भाव खरंच थोडा चढाही होता. सीनियरने उत्तर फाईलला लावलं. माझ्या मनात आलं की एकदा गाडी काढून गोडाऊन बघून यावं. विचारलंही. तो म्हणाला, “ते मार्चला. आत्ता स्कोपमध्ये नाही.” निकाल लागला, नफा दोन कोटींच्या थोडा वर, सही झाली.

मार्चला ऑडिट. या वेळी आम्ही गोडाऊनला गेलो. गाठीची मोजणी तशी सोपी असते. एक गाठ साधारण १७० किलोची, प्रत्येकीवर प्रेस नंबर असतो, थप्प्या मोजायच्या, अधूनमधून वजनकाट्यावर टाकून बघायची. मार्चची विक्री वजा जाता जेवढ्या गाठी असायला हव्या होत्या, त्यापेक्षा १,४०० कमी भरल्या. मागे मागे जात नोंदी लावल्या तेव्हा कळलं की त्या डिसेंबरलाही नव्हत्याच. तेव्हाच्या भावाने गाठीमागे २७ हजार रुपये धरा. पावणेचार कोटींहून जास्तीचा माल फक्त कागदावर होता. हिशेबाची गंमत अशी की शिल्लक साठा जास्त दाखवला की विकलेल्या मालाचा खर्च तेवढाच कमी दिसतो आणि नफा फुगतो. म्हणजे डिसेंबरचा दोन कोटींचा नफा मुळात नफा नव्हताच, तोटा होता. आणि त्या तोट्यावर आमची सही होती.

सही खोटी होती का? नाही. रिव्ह्यू रिपोर्टमधलं वाक्य शब्दशः खरं होतं. ते वाक्य नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. ऑडिट रिपोर्टमध्ये ऑडिटर म्हणतो, “आमच्या मते हे हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात.” रिव्ह्यू रिपोर्टमध्ये आधी साफ लिहिलेलं असतं की आम्ही ऑडिट केलेलं नाही, म्हणून ऑडिटचं मतही देत नाही. आणि मग म्हणतो, “आम्ही केलेल्या पाहणीत, या निकालात मोठी चूक आहे असं वाटायला लावणारं काही आमच्या निदर्शनास आलं नाही.” पहिलं वाक्य ‘आहे’ म्हणतं. दुसरं ‘दिसलं नाही’ म्हणतं. आणि किती उजेडात, किती वेळ पाहिलं, ते सांगत नाही.

गुरुजींना हे सांगितलं तर ते पटकन म्हणाले, “म्हणजे साहेब शाळेत यायचे, हजेरीपट बघायचे, चहा घ्यायचे आणि ‘काही आढळले नाही’ लिहून जायचे. वर्गात पोरं मोजायला कोणी जात नव्हतं.” मी म्हटलं, अगदी तसंच. फरक एवढाच की हजेरीपट नीट वाचणारा साहेब न मोजताही बरंच पकडू शकतो. पटावर चाळीस आणि खिचडीचा तांदूळ वीस जणांचा, हे कागदावरही दिसतं. चांगला रिव्ह्यू म्हणजे ही नजर. त्यामुळे रिव्ह्यू अगदी फुकट आहे असं म्हणणाऱ्यांच्याही पंक्तीला मी बसणार नाही.

पण ही नजर कुठे कमी पडते, ते जिनिंगपेक्षा मोठ्या उदाहरणात बघा. इंडसइंड बँक. नोंदणीकृत कार्यालय पुण्यात. १० मार्च २०२५ ला बँकेने जाहीर केलं की डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात गडबड सापडली आहे. दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात सुमारे २७ टक्के पडला. पुढे बाहेरच्या तपासणीत या गडबडीचा एकूण फटका सुमारे १,९६० कोटी निघाला. ती भानगड अनेक वर्षं चालत आलेली होती, म्हणजे मधल्या वर्षांच्या पूर्ण ऑडिटमधूनही ती सुटली होती. हे मी मुद्दाम सांगतोय. ऑडिट म्हणजे देवाचं वाक्य असं कोणी समजू नये.

मला जास्त बोचतो तो दुसरा आकडा. मे २०२५ मध्ये बँकेने सांगितलं की मायक्रोफायनान्सच्या धंद्यात २०२४-२५ च्या तीन तिमाहींत मिळून ६७४ कोटी रुपये चुकीने व्याजाचं उत्पन्न म्हणून दाखवले गेले होते. मायक्रोफायनान्स म्हणजे काय ते बीडला सांगायची गरज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या गटाचं कर्ज आणि आठवड्याचा हप्ता. या धंद्यात कर्ज थकलं की नियम कडक आहे: खातं ९० दिवसांवर थकून एनपीए झालं की त्याचं व्याज हातात आल्याशिवाय उत्पन्न म्हणून धरायचं नाही.

आता रिव्ह्यू करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. ६७४ भागिले तीन, सरासरी तिमाहीला २२५ कोटी. बँकेचं त्या काळातलं एकूण व्याज उत्पन्न तिमाहीला साडेबारा हजार कोटींच्या आसपास. म्हणजे चूक दोन टक्क्यांच्याही आत. ताडून बघण्याच्या पद्धतीत दोन टक्क्यांचा चढउतार कोणाच्या भुवया उंचावत नाही, तेवढा तर दर तिमाहीला होतच असतो. पण तेच २२५ कोटी नफ्याशेजारी ठेवा. डिसेंबर तिमाहीत बँकेचा नफा सुमारे १,४०० कोटी होता. कर बाजूला ठेवला तर हा आकडा त्याच्या सोळा टक्के भरतो. उत्पन्नात हरवून जाणारी रक्कम नफ्यात मात्र हत्तीएवढी. ताडायचं कशाशी, यावर सगळं अवलंबून.

एकूण व्याजाऐवजी फक्त मायक्रोफायनान्सचं व्याज त्याच कर्जाच्या सरासरी शिल्लकेने भागलं असतं तर? सोपं गणित करू. समजा गटकर्जं १०,००० कोटींची आणि व्याज वर्षाला २४ टक्के. तिमाहीला ६०० कोटी व्याज यायला हवं. आता दहा टक्के कर्ज एनपीए झालं. व्याज ५४० वर यायला हवं. ते ६०० वरच राहिलं, किंवा वाढलं, तर ही चांगली बातमी नाही, हा प्रश्न आहे. थकबाकी वाढतेय आणि व्याज घटत नाही, या दोन गोष्टी एका वहीत सुखाने नांदत नाहीत. असा प्रश्न विचारायला गावोगाव फिरावं लागत नाही, रिव्ह्यूच्या चौकटीतही तो बसतो.

आणखी एक तारीख लक्षात घ्या. बँकेने सांगितलं की हे ६७४ कोटी १० जानेवारी २०२५ पर्यंत पूर्ण उलट फिरवले गेले. डिसेंबर तिमाहीचा निकाल जाहीर झाला ३१ जानेवारीला. मधे तीन आठवडे. “तिमाही संपल्यापासून आजपर्यंत काही मोठी नोंद उलट फिरवली का?” हा रिव्ह्यूमधला अगदी ठरलेला, पुस्तकी प्रश्न आहे. त्याला काय उत्तर मिळालं, कोणी कोणाला काय सांगितलं, हा तपास यंत्रणांचा विषय आहे. मी कुणावर आरोप करत नाही. पण ज्याने ३१ जानेवारीचा निकाल वाचून शेअर घेतला, त्याला सहीमागे काय विचारलं गेलं हे कधीच कळलं नाही. मे महिन्यात वार्षिक निकाल आला तेव्हा चौथ्या तिमाहीत बँकेला सुमारे २,३२९ कोटींचा तोटा दिसला.

हे चौथ्या तिमाहीचं प्रकरणही सांगून टाकतो, कारण यूट्यूबवाले इथे सगळ्यात जास्त घोळ घालतात. मार्च तिमाहीचा आकडा बहुतेक वेळा स्वतंत्र तपासलेला नसतो. ती वजाबाकी असते. ऑडिट झालेल्या पूर्ण वर्षाच्या आकड्यातून आधीच्या तीन तिमाहींचे, फक्त रिव्ह्यू झालेले, आकडे वजा करतात. उरतं ते चौथी तिमाही. निकालाखालच्या टिपांमध्ये ‘बॅलन्सिंग फिगर’ असं लिहिलेलं सापडेल. त्यामुळे आधीच्या तीन तिमाहींत काही चुकलं असेल आणि ऑडिटमध्ये सापडलं, तर सगळा भार मार्चवर येऊन पडतो. आमच्या जिनिंगवाल्याचं तेच झालं. डिसेंबरपर्यंत नफाच नफा आणि मार्चला एकदम खड्डा. लोक म्हणाले, “शेवटच्या तिमाहीत धंदा बसला.” अहो, धंदा आधीच बसला होता, मोजणी मार्चला झाली!

आता कोणी म्हणेल, मग दर तिमाहीला ऑडिटच सक्तीचं करा. व्यासपीठावरून टाळ्या घेणारी मागणी आहे, पण मला ती पटत नाही. ४५ दिवसांत देशभरातली गोडाऊनं मोजायची, हजारो पत्रं पाठवून उत्तरांची वाट बघायची, हे होणार नाही. झालंच तर कागदावर होईल, आणि मग नावाने ऑडिट आणि कामाने रिव्ह्यू असा आणखी वाईट प्रकार हाती येईल. बीडकराला नावाने ऑडिट काय असतं ते शिकवायला नको.

दुसरा म्हणेल, सीएंनाच धरा. काहींना धरायला हवंच. पण माझा राग जास्त आहे तो रिपोर्टच्या साच्यावर. देशातल्या कुठल्याही दोन कंपन्यांचे स्वच्छ रिव्ह्यू रिपोर्ट शेजारी ठेवा. कंपनीचं नाव आणि तारीख सोडली तर मजकूर जवळजवळ एकच. सेबीने नमुना ठरवून दिलाय, सगळे तो भरतात. एकाने चार दिवस घालवले, दुसऱ्याने चाळीस. एकाने व्याज कर्जाने भागून पाहिलं, दुसऱ्याने फक्त मागच्या तिमाहीशी ताडलं. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मेहनतीने काम करणाऱ्या सीएला या साच्यात काही मिळत नाही आणि उरकणाऱ्याचं काही बिघडत नाही. मी तो साचा स्वतः टाईप केलेला आहे, जुनी फाईल उघडायची, तारीख बदलायची.

माझं म्हणणं एवढंच की त्या रिपोर्टमध्ये अर्धं पान जास्तीचं घाला. किती माणसांनी किती दिवस काम केलं. कोणते तीन आकडे सगळ्यात जास्त अंदाजावर उभे आहेत आणि ते कशाशी ताडले. कोणत्या प्रश्नाला फक्त तोंडी उत्तर मिळालं आणि कागद बघितला नाही. आमच्या वेळी असं पान असतं तर त्यावर लिहावं लागलं असतं: “साठा दोन महिन्यांवरून चार महिन्यांवर गेला, कारण व्यवस्थापनाने सांगितले, माल मोजलेला नाही.” हे वाक्य लिहिताना सीनियरचा हात थांबला असता आणि त्याने गाडी काढायला सांगितली असती, याची मला खात्री आहे. यात कंपनीचं कुठलं गुपित फुटतं, ते मला कोणी समजावून सांगावं.

तोपर्यंत आपण काय करायचं? गुरुजींना मी त्यांच्याच मोबाईलवर करून दाखवलं. बीएसईच्या साईटवरून कंपनीच्या निकालाची पीडीएफ उघडली. वरचे रंगीत तक्ते सोडून थेट टिपा आणि रिव्ह्यू रिपोर्टवर गेलो. तिथे निष्कर्षाला ‘क्वालिफाइड’ शब्द लागलाय का, ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ असा वेगळा परिच्छेद आहे का, ‘गोइंग कन्सर्न’बद्दल शंका आहे का, एवढं पाहिलं. काही नव्हतं. मग सप्टेंबरचा ताळेबंद पाहिला, कारण तो मार्चबरोबर सप्टेंबरलाही द्यावा लागतो. मालाचा साठा आणि उधारी विक्रीपेक्षा जास्त वेगाने वाढलीय का? वाढली होती. विक्री दहा टक्के जास्त, उधारी जवळपास पन्नास टक्के. खाली रोख प्रवाहाचा तक्ता होता, त्यात नफा असूनही धंद्यातून रोख आत आलीच नव्हती.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे कंपनी खोटी आहे?” मी म्हटलं, तसं नाही. दिवाळीच्या तोंडावर माल उधार गेला असेल, पैसे पुढच्या तिमाहीत येतीलही. पण ते आले का, हे सीएने विचारलं असेल, मोजलं असेल असं धरून चालू नका.

त्यांनी शेअर विकले नाहीत. वार्षिक सभा आता ऑनलाईन असते, बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते सांगितलं. त्यांनी खिशातून जुन्या सवयीप्रमाणे कागदाचा चिटोरा काढला आणि प्रश्न लिहून घेतला: “सप्टेंबरअखेरच्या उधारीपैकी किती रक्कम निकालाच्या तारखेपर्यंत बँकेत जमा झाली, आणि हे ऑडिटरने बँकेच्या कागदावरून पाहिले की तुम्ही सांगितले म्हणून मानले?”